बंधाऱ्यावर पाणी आलं तेव्हा तू काय केलंस?

*सर, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाडीतली. बीएस्सी झाले आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएसची लेखी परीक्षा पास झाले आणि एसएसबीचं, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचं आणि चाचण्यांचं, बोलावणं आलं आहे, पाच आठवडे हातात आहेत. क्लासमध्ये 'सेल्फ इंट्रोडक्शन' पाठ करायला एक पान दिलंय. त्यात मी शिस्तप्रिय आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत, असं सगळं आहे. पण मला ते म्हणताना ओशाळल्यासारखं होतं. मी एनसीसीत नव्हते, कुठल्या टीमची कॅप्टन नव्हते. घरी दूध संकलनाचं काम असतं, त्यामुळे कॉलेजात कशात भागच घेता आला नाही. इंग्रजीही पुस्तकी आहे. मग नेतृत्व आणि शिस्त दाखवायची कुठून?*

ते पान बाजूला ठेव. तुला ओशाळल्यासारखं होतं ते बरोबरच आहे, आणि तसंच वाटत राहू दे.

मुलाखत घेणारा अधिकारी तुझ्यासमोर बसलेला असतो तेव्हा त्याच्या टेबलावर तुझा पीआयक्यू असतो. हा फॉर्म तू निवड केंद्रावर गेल्यावर स्वतःच्या हातानं भरणार आहेस. गाव, वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय, भावंडं, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, असं सगळं त्यात येतं. क्लासच्या पानावरच्या पहिल्या सहा ओळी, म्हणजे नाव, गाव, वडील काय करतात, किती टक्के, त्या साहेबांनी आधीच वाचलेल्या असतात. उरलेल्या चार ओळींत नुसती विशेषणं आहेत.

शिवाय 'तुमच्याबद्दल सांगा' हा प्रश्न त्या साध्या रूपात येईलच असं नाही. बऱ्याचदा तो एका दमात विचारलेल्या आठ-दहा प्रश्नांच्या माळेतून येतो. नववी-दहावीपासून आतापर्यंत गुण कसे पडले, कमी-जास्त का झाले, कोणते शिक्षक आवडले, कोणते नाही आवडले आणि का, जवळचे मित्र-मैत्रिणी कोण, त्यांच्यातलं काय आवडतं, घरी कुणाशी जास्त जमतं, सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस कसा जातो, घरात आणि कॉलेजात कोणत्या जबाबदाऱ्या घेतल्या. हे सगळं लक्षात ठेवून ओळीनं बोलायचं असतं. खरी 'सेल्फ इंट्रोडक्शन' ती. तिच्यात पाठ केलेलं पान कुठं घुसवायचं? मुलं घुसवतात, आणि ते लगेच कळतं. बोलण्याचा वेग बदलतो, नजर समोरच्या भिंतीवर जाते आणि मध्ये कुणी अडवलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यावर येते.

आता ज्या दोन शब्दांनी तू अडली आहेस त्यांच्याबद्दल. अधिकाऱ्यात जे पंधरा गुण शोधतात त्यांची यादी क्लासमध्ये भिंतीवर लावलेली असेल. ती नीट वाच. तिच्यात 'लीडरशिप' हा शब्द नाही, 'डिसिप्लिन' हाही नाही. आहेत ते याहून लहान आणि कामाचे शब्द: जबाबदारीची जाणीव, कामाची मांडणी करता येणं, पुढाकार, निर्णयाचा वेग, गटाला आपल्याबरोबर घेता येणं, सहकार्य, चिकाटी. म्हणजे 'तू नेता आहेस का' हे कुणी विचारतच नाही. माणसं आणि काम एकाच वेळी अंगावर आलं तेव्हा तू काय केलंस, एवढंच बघायचं असतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या खेपेला मी परत आलो होतो. मुलाखतीत मी मोठ्या ऐटीत म्हणालो, 'सर, आय अ‍ॅम अ व्हेरी डिसिप्लिन्ड पर्सन.' साहेब काही बोलले नाहीत. माझा फॉर्म त्यांनी जरा जवळ ओढला आणि विचारलं, तीन वर्षांची पदवी तुम्ही चार वर्षांत केलीत, ते कसं? कारण असं होतं, की प्रॅक्टिकलच्या जर्नल मी वेळेत पूर्ण केल्या नव्हत्या आणि माझं एक वर्ष गेलं होतं. ते सरळ सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण आधीच्या वाक्यात मी शिस्तीचा पुतळा झालो होतो, तो सांभाळायला आजारपण काढलं, मग आजाराचं नाव सांगता येईना. पुढची पंधरा मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांना आठवत असावं.

म्हणून गेल्या रविवारी तुला फोन केला तेव्हा मी तुझे गुण विचारले नाहीत, सकाळी काय करतेस ते विचारलं. तुझ्या परवानगीनं, गावाचं नाव न घेता, त्यातलं थोडं इथं लिहितो, कारण असं पत्र लिहिणारी तू एकटी नाहीस.

तू म्हणालीस, 'काही नाही सर, केंद्रावर असते.' हे 'काही नाही' खोदायला मला वीस मिनिटं लागली. सव्वापाचला उठून तू दूध तपासायचं मशीन लावतेस, आधी कोमट पाण्यानं धुऊन घेतेस. पावणेसहाला पहिली किटली येते. प्रत्येकाचा नमुना हलवून, फेस बसू देऊन मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ वहीत आणि त्याच्या पुस्तकावर लिहायचं, लिटर मोजायचे, दूध कॅनमध्ये ओतायचं. अडतीस घरं. आठला टेम्पो. संध्याकाळी पुन्हा तेच. वडिलांच्या पाठीचं दुखणं सुरू झालं त्या 2022 पासून हे काम तुझ्याकडे आहे, आणि बीएस्सीची तीन वर्षं तू याच्यावरून उठून कॉलेजला गेलीस.

यातलं एक तू जाता जाता सांगितलंस ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. एकदा शेजारच्या काकांच्या दुधाला फॅट नेहमीपेक्षा बरंच कमी लागलं. काका चिडले, मशीन खोटं म्हणाले. तू वाद घातला नाहीस. आधीचा नमुना घाईत लावला होता, त्यात फेस होता, हे तुझ्या लक्षात आलं. तू दुसरा नमुना घेऊन पुन्हा लावलास, आकडा नेहमीचा आला, आणि तू पहिली नोंद एका रेघेनं कापून, खाली दुसरी लिहून, बाजूला सही केलीस. तेव्हापासून गर्दी कितीही असली तरी फेस बसल्याशिवाय नमुना लावत नाहीस.

शिस्त म्हणून हेच सांग. पहाटे उठते हे सगळेच सांगतात. चूक झाली, ती लपवली नाही, आणि त्यानंतर कामाची पद्धत बदलली, हे सांगणारे कमी असतात. आणि यात 'शिस्त' हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही.

आता बंधाऱ्याचा दिवस. तू तो फोनवर सांगितलास तेव्हा गोष्ट अशी होती: 'जुलैमध्ये पाणी आलं होतं ना सर, तेव्हा टेम्पो आला नाही, मग आम्ही ट्रॅक्टरनं दूध पाठवलं.' झालं, एवढंच. मुलाखतीतही तू असंच सांगितलंस तर साहेब 'बरं' म्हणून पुढच्या प्रश्नाला जातील.

अडचण 'आम्ही'ची आहे. आपल्याकडे 'मी केलं' म्हणायला जीभ वळत नाही. घरात वाढलेली मुलगी 'आम्ही केलं' म्हणते, ती नम्रता असते. इंग्रजीत ते 'वुई' होऊन पोचतं आणि समोरच्याला कळतच नाही की यात तू कुठं होतीस. तू कॅन उचलत होतीस, की ट्रॅक्टर ठरवत होतीस, की ओट्यावर उभी होतीस? उलट काही मुलं सगळ्याच ठिकाणी 'मी' लावतात, तेही दोन उलटप्रश्नांत उघडं पडतं. तेव्हा वाक्यागणिक ज्याचं त्याला दे. मी ठरवलं, बाबांना विचारलं, अमुकनं नकार दिला, दोघांनी चढवलं.

तुझ्याच माहितीवरून मी ती गोष्ट पुन्हा जुळवून पाहिली. ही पाठ करू नकोस, फक्त घडण बघ:

'2024 च्या जुलैत आमच्या नदीवरचा बंधारा पाण्याखाली गेला. सकाळचं दूध घेऊन झालं होतं आणि साडेसातला टेम्पोवाल्याचा फोन आला की तो येऊ शकत नाही. बाबा आदल्या दिवशी दवाखान्यासाठी शहरात गेले होते, ते पलीकडेच अडकले. दूध तीन-चार तासांच्या वर राहिलं नसतं. मी आधी कॅन हौदाच्या पाण्यात ठेवायला लावले. मग डेअरीच्या सुपरवायझरला फोन केला. अकरापर्यंत वरच्या फाट्यावर दूध पोचलं तर दुसरी गाडी उचलेल, असं ते म्हणाले. डोंगराकडून फाटा चौदा किलोमीटर आहे, त्यासाठी ट्रॅक्टर लागणार होता. पहिल्यांदा ज्यांना विचारलं ते नाही म्हणाले, त्यांना डिझेलची काळजी होती. डिझेल केंद्राच्या खात्यातून देईन असं मी सांगितलं आणि बाबांना फोन करून ते कळवलं. दोन पोरांनी कॅन चढवले, मी बरोबर गेले. पावणेअकराला पोचलो. दोन कॅन तपासणीत नापास झाले. संध्याकाळचं दूध घरीच ठेवा असं सांगायला मी सकाळीच तीन वाड्यांवर एकेक मुलगा पाठवला होता.'

सावकाश बोललीस तर दीड मिनिटाची गोष्ट आहे ही. यात मोठं वाक्य एकही नाही. पण नीट बघ, कामाचा क्रम आहे: आधी दूध वाचवलं, मग रस्ता शोधला, मग माणसं जमवली. एकजण नाही म्हणाला आणि त्याला कशानं राजी केलं ते आहे. तुझ्या अधिकारात नसलेला खर्च तू कुणाला कळवून केलास ते आहे. नुकसानही आहे, ते लपवलेलं नाही. दोन कॅन नापास झाले हे वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नकोस. जिथं सगळं सुरळीत होतं ती गोष्ट ऐकणाऱ्याला रचलेली वाटते.

खरी मुलाखत इथून पुढं सुरू होते. त्या दोन कॅनचे पैसे कुणाचे गेले? तू मला सांगितलंस की दूध एकत्र ओतलेलं असल्यामुळे नुकसान अडतीस घरांत लिटरप्रमाणे वाटायचं असं तू आणि बाबांनी ठरवलं. मग कुणी भांडलं का? एक घर भांडलं. त्याला काय सांगितलंस? इथं तू फोनवर गप्प झालीस आणि मग म्हणालीस, 'ते अजून बोलत नाहीत सर आमच्याशी.' हेही जसंच्या तसं सांग. माणसं सांभाळताना प्रत्येक जण राजी होत नाही, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यापुढचा प्रश्न बहुधा असेल: आज तसंच झालं तर वेगळं काय कराल? याचं उत्तर तुझं तू शोध. माझ्या मनात एक आहे, पण मी सांगितलं तर ते तुझ्या तोंडी माझं वाटेल.

फॉर्ममध्ये जबाबदारीच्या पदांचा जो रकाना आहे, तो तू कोरा सोडणार होतीस. तिथं एनसीसी, खेळ वगैरेंबरोबर इतर क्षेत्रंही धरलेली असतात. 'गावातील दूध संकलन केंद्र, रोजची तपासणी व हिशेब, 2022 पासून' इतकं लिही. 'संचालक' किंवा 'मॅनेजर' लिहू नकोस. पद मोठं लिहिलंस तर प्रश्न पदाबद्दल येतात, काम लिहिलंस तर कामाबद्दल. एनसीसी का नाही असं विचारलं तर एका वाक्यात सांग, की परेडची वेळ आणि केंद्राची वेळ एकच होती. त्यात खंत नको आणि बढाईही नको.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्यांमध्ये स्वतःबद्दल लिहायला पंधरा मिनिटं देतात. आईवडील, शिक्षक आणि मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं आणि तुला कसं व्हायचं आहे. मैदानावरच्या चाचण्यांच्या वेळीही गटात अर्ध्या मिनिटात ओळख करून द्यावी लागू शकते. तिथं नाव, गाव, शिक्षण आणि 'दूध केंद्र सांभाळते' एवढं पुरे, बंधारा काढू नकोस. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे हे तिघं आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. तीन ठिकाणी तीन वेगळ्या मुली दिसल्या तर एकट्या मुलाखतीनं काही सावरत नाही. आणि हेही खरं, की मुलाखतीत सांगितलेलं 'मी माणसं जमवते' हे मैदानावर फळी आणि दोर हातात आल्यावर दिसावं लागतं. तिथं तू कशी वागशील ते मी इथून सांगू शकत नाही.

इंग्रजीचं. तुझं इंग्रजी पुस्तकी आहे ते त्या पानामुळे. 'आय पझेस' कोण म्हणतं घरात? मुलाखत इंग्रजीतच होते असं धरून तयारी कर. अगदीच अडलीस तर परवानगी मागून एखादं वाक्य हिंदीत बोलता येतं, पण सारखं नाही. तुझ्या गोष्टीतले निम्मे शब्द तर आधीच इंग्रजी आहेत: फॅट, सँपल, कॅन, टेम्पो, ट्रॅक्टर, डिझेल, सुपरवायझर. उरलं ते छोट्या वाक्यांत बसवायचं. एका वाक्यात एकच काम. 'द ब्रिज वॉज अंडर वॉटर. द टेम्पो कुड नॉट कम. आय कॉल्ड द सुपरवायझर.' बंधाऱ्याला नेमका इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस, ब्रिज म्हण, विचारलं तर समजावून सांग. प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली' आणि 'अ‍ॅक्च्युअली' लावायची खोड क्लासमधून लागते, ती मोड.

सरावाची माझी पद्धत जरा उलटी आहे. इंग्रजीत लिहून पाठ करू नकोस, मुळात लिहूच नकोस. आधी ती गोष्ट मराठीत आजीला सांग. तिला तो दिवस माहीत आहे, तू काही वाढवून सांगितलंस तर ती लगेच टोकेल. मग फोनवर रेकॉर्ड करत इंग्रजीत बोल आणि लगेच ऐक. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पण रेकॉर्डिंग न ऐकता. शब्द दर वेळी वेगळे आले तर चांगलं चाललंय. दर वेळी तेच आले तर तू पाठ केलंयस, तेव्हा दोन दिवस सोडून दे. मैत्रिणीला मुद्दाम मधेच अडवायला सांग, डिझेलपाशी, कॅनपाशी, कुठंही. तिथून पुढं सरळ जाता आलं पाहिजे.

केस, कपडे, चालणं, बसणं यावर क्लासनं जे सांगितलं असेल ते ठीकच असेल, त्यात मी पडत नाही. खोलीत शिरताना नमस्कार खणखणीत कर, बस.

एक शेवटचं राहिलं. फोनवर तू आधी म्हणालीस साडेतीनशे लिटर दूध होतं, आणि नंतर म्हणालीस बारा कॅन. तुमचा कॅन चाळीस लिटरचा, मग साडेतीनशेला नऊ कॅन पुरतात. कदाचित काही अर्धवट भरलेले असतील, कदाचित त्या दिवशी दूध जास्त आलं असेल. मी पटकन हिशेब केला, तसा मुलाखतीतले साहेबही करतील. बाबांकडून जुलैची वही घे आणि त्या तारखेचं पान काढून बघ.